बलूनला स्टिअरिंग नसतं, मग पायलट ठरवलेल्या शेतापर्यंत पोचतो कसा?

मुंबईतून कामशेत-लोणावळ्याकडे बलूनमधे बसायला जाणाऱ्या जवळपास प्रत्येकाचा पहिला प्रश्न हाच असतो की हे वळवतात कशाने. उत्तर असं की वळवत नाहीतच. बर्नर फक्त वर नेतो, बर्नर बंद ठेवला की हळूहळू खाली येतं, आणि आडवं जे काही जाणं असतं ते सगळं वाऱ्याच्या हातात. पण जमिनीपासून वर जाताना वारा एकसारखा नसतो, दोनशे फुटांवर एक दिशा, हजार फुटांवर दुसरी, त्यामुळे पायलट उंची निवडतो म्हणजेच दिशा निवडतो. बाकी सगळं कौशल्य या एका वाक्यात आहे, फक्त ते हवेत करून दाखवायला काय काय लागतं ते नीट समजून घेऊ, एक पूर्ण उदाहरण आकड्यांसकट सोडवून बघू.

आधी हे, की मुंबईत का नाही. विमानतळाचं नियंत्रित आकाश हे एक कारण आहेच, परवानगीशिवाय तिथे काही उडवता येत नाही. पण समजा परवानगी मिळाली तरी वाऱ्याचा प्रॉब्लेम राहतो. बलूनला शांत वारा लागतो आणि तो पहाटे असतो, पण हिवाळ्यात पहाटे मुंबईत वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो, म्हणजे शिवाजी पार्कवरून उडालात तर थेट अरबी समुद्रावर. दुपारकडे वारा उलटा होऊन समुद्राकडून यायला लागतो, पण तोपर्यंत ऊन चढलेलं असतं आणि तापलेल्या जमिनीवरून हवेचे झोत उठायला लागलेले असतात, त्यात बलून न्यायचं नसतं. शिवाय उतरायला मोकळं शेत कुठे आहे? मुंबईतून उडालेलं एक मोठं उड्डाण मात्र सगळ्यांना माहीत असायला हवं. २६ नोव्हेंबर २००५ ला विजयपत सिंघानिया महालक्ष्मी रेसकोर्सवरून हॉट एअर बलूनने उडाले आणि २१,०२७ मीटरपर्यंत गेले, तो जागतिक विक्रम होता. ते उतरले नाशिक जिल्ह्यात, म्हणजे समुद्राच्या बाजूला नाही, आत जमिनीवर. खाली एक वारा आणि वर वेगळा वारा याचं आपल्या घरचं इतकं ठळक उदाहरण दुसरं नाही.

उष्णतेने उचल नेमकी किती मिळते

गरम हवा हलकी असते हे शाळेत शिकतो, पण किती हलकी हे कळलं की पुढचं सगळं सोपं जातं. मावळातलं एक मैदान घ्या, समुद्रसपाटीपासून साधारण ६०० मीटर उंच. डिसेंबरच्या पहाटे बाहेर १५ अंश. तिथल्या एक घनमीटर हवेचं वजन सुमारे १ किलो १४० ग्रॅम. तीच हवा १०० अंशाला तापवली की ती पसरते, थोडी खालच्या तोंडातून बाहेर जाते आणि त्याच एक घनमीटर जागेत उरते फक्त ८८० ग्रॅम. फरक २६० ग्रॅम, तीच उचल. ऐकायला अगदीच कमी वाटते, म्हणूनच बलून एवढं अवाढव्य असतं.

आता ३,००० घनमीटरचं बलून घेऊ, पाच माणसांसाठी हा साधारण साइज आहे. २६० ग्रॅम गुणिले ३,००० म्हणजे ७८० किलो उचल. कापड, वेताची बास्केट, बर्नर आणि चार भरलेले सिलिंडर मिळून ३८० किलो धरा, पायलट धरून पाच माणसं सरासरी ७५ किलोची म्हणजे ३७५. एकूण ७५५. म्हणजे आत ९७ अंशाच्या आसपास हवा ठेवली की बलून तरंगतं, वर थोडी जागा शिल्लक.

तेच मे महिन्यात करा, पहाटे २५ अंश. बाहेरची हवाच आता हलकी झाली, फरक राहिला २२० ग्रॅमच्या जरा वर आणि १०० अंशाला उचल मिळते फक्त ६६५ किलो. तीच पाच माणसं न्यायची तर आत ११३ अंश लागतील. कापड नायलॉनचं असतं, ते सतत जास्त तापलं की लवकर कमजोर होतं, उत्पादकाने कमाल मर्यादा ठरवून दिलेली असते आणि पायलट तिच्या बराच खाली राहतो कारण संकटात पटकन वर जायला काहीतरी हातात शिल्लक हवं. म्हणून मे मधे पायलट एक माणूस कमी घेतो. कोणाला "तुम्ही पुढच्या फेरीत या" असं सांगितलं तर रागावू नका, आणि बुकिंगच्या वेळी वजन विचारलं तर खरं सांगा, ते याच हिशोबात जातं.

बर्नरबद्दल एक गोष्ट बारकाईने बघण्यासारखी आहे. घरच्या सिलिंडरमधून आपण वर जमलेला गॅस घेतो, बलूनच्या सिलिंडरमधून मात्र आत बुडवलेल्या नळीने तळाचं द्रव प्रोपेन घेतात. ते द्रव बर्नरच्या भोवती गुंडाळलेल्या धातूच्या वेटोळ्यातून फिरतं, वरची ज्योत तेच वेटोळं तापवते, तिथे द्रवाचा गॅस होतो आणि मग जोरात पेटतो. म्हणून तो कानठळ्या बसवणारा आवाज आणि माणसापेक्षा उंच ज्योत. प्रोपेनच का, तर ते उणे ४२ अंशालाच उकळतं, त्यामुळे गार पहाटेही सिलिंडरमधे दाब टिकतो. आपल्या घरगुती गॅसमधे ब्युटेनही असतं आणि ते शून्याच्या आसपास उकळतं, त्यामुळे गारठ्यात दाब कमी पडतो.

बर्नर मारला आणि काहीच झालं नाही?

बास्केटमधे उभं राहिल्यावर हे पहिल्यांदा जाणवतं. पायलट दांडा दाबतो, ज्योत भडकते, आणि बलून जिथे होतं तिथेच. मग साधारण दहा सेकंदांनी, ज्योत केव्हाच बंद झालेली असताना, बलून वर सरकायला लागतं.

कारण आतल्या हवेचं वजन. आपल्या या बलूनमधे गरम झालेली हवासुद्धा २,६०० किलोच्या वर आहे. त्यात ७५५ किलो माणसं आणि सामान मिळवा, म्हणजे हलवायचं आहे जवळजवळ साडेतीन टन वजन, आणि ढकलायला आहे पंचवीस-तीस किलोचा जोर. ते सावकाशच हलणार, आणि एकदा हललं की सावकाशच थांबणार.

ढोबळ हिशोब असा धरा: एक बर्नर एक सेकंद मारला की आतली हवा जेमतेम एक अंशाने तापते, आणि एक अंशाने सुमारे ७ किलो उचल वाढते. दुसरीकडे कापडातून उष्णता सतत निघून जात असते, दर सहा-सात सेकंदाला एक अंश तरी. म्हणून एकाच उंचीवर राहायलाही पायलट तीन-चार सेकंद मारतो, वीस-पंचवीस सेकंद थांबतो, परत मारतो. हा ताल बसला की बलून सरळ रेषेत जातं. तासाला ३०-४० किलो प्रोपेन यातच जातं.

नवीन शिकणाऱ्याचं सगळ्यात जास्त इथेच चुकतं. बलून खाली येतंय म्हणून मारलं, लगेच फरक दिसला नाही म्हणून अजून मारलं, आणि मग दोन्हीचा परिणाम एकदम येऊन बलून तीनशे फूट वर. मग घाबरून वरचा व्हॉल्व्ह उघडायचा, परत खाली. असं वरखाली झोके घेणारं बलून लांबून दिसलं तर समजायचं की पायलट बलूनच्या मागे पळतोय. चांगला पायलट व्हेरिओमीटरवर, म्हणजे चढण्या-उतरण्याचा वेग दाखवणाऱ्या मीटरवर, काटा हलायला लागला की छोटा बर्न देतो आणि वाट बघतो. वाट बघणं हेच अवघड असतं.

खाली यायचं तर दोन रस्ते. एक, बर्नर न मारता गार होऊ देणं. दुसरा, दोरी ओढून टोकाशी बसवलेला गोल पॅराशूट व्हॉल्व्ह उघडणं, त्यातून गरम हवा निघून जाते, दोरी सोडली की आतल्या दाबानेच तो परत बंद होतो.

वाऱ्याचे थर ओळखणं

रात्रभर जमीन गार होते आणि तिला चिकटलेली हवाही गार होते. ही गार जड हवा खाली साचून बसते, तिच्यावर जरा गरम हवेचा थर. वरचा वारा या साचलेल्या हवेला फारसा धक्का लावू शकत नाही, त्यामुळे खाली जवळपास सामसूम आणि तीन-चारशे फुटांवर चांगला वारा असं पहाटे अगदी नेहमी असतं. मावळात हे डोळ्यांनी दिसतं. गावातल्या चुलीचा धूर सरळ वर जातो आणि एका उंचीला पोचला की आडवा पसरतो, जणू वर छत आहे. ती उंची लक्षात ठेवायची, थर तिथे बदलतोय.

दिशेचा एक नियम आहे. वाऱ्याकडे पाठ करून उभे राहा. आपल्या उत्तर गोलार्धात वर जाल तसा वारा साधारणपणे तुमच्या उजवीकडे वळत जातो. जमिनीशी घासून खालचा वारा मंदावतो, मंदावला की पृथ्वीच्या फिरण्याचा त्याच्यावरचा परिणाम कमी होतो आणि तो कमी दाबाकडे कलतो, वर घर्षण नाही म्हणून तो कल नाही. म्हणजे उजवीकडे जायचं तर वर, डावीकडे जायचं तर खाली. पण हा नियम डोंगरात डोळे झाकून वापरू नका, कारण तिथे रात्रीची गार हवा उतारावरून ओढ्यासारखी दरीत उतरते आणि खालची दिशा दरीच ठरवते.

दरीच्या या वाऱ्याचाच सगळ्यात प्रसिद्ध नमुना अमेरिकेत अल्बुकर्कीला आहे, तिथे दर ऑक्टोबरला बलूनचा मोठा मेळावा भरतो. रिओ ग्रांद नदीच्या दरीतून पहाटे गार हवा दक्षिणेकडे वाहते आणि तिच्या वर वारा उत्तरेकडे. पायलट खाली राहून दक्षिणेला जातात, वर चढून उत्तरेला परत येतात, आणि जमलं तर निघाले तिथेच उतरतात. हे सगळीकडे होत नाही. बहुतेक सकाळी दोन थरांच्या दिशेत वीस, तीस, चाळीस अंशांचा फरक असतो आणि बलून तेवढ्याच पंख्याच्या आत कुठेतरी उतरू शकतं, मागे येऊ शकत नाही.

उडायच्या आधी पायलट हीलियमचा साधा छोटा फुगा सोडतो आणि कंपास घेऊन तो दिसेनासा होईपर्यंत बघत राहतो. तो कुठल्या मिनिटाला कुठे वळला यावरून थर कळतात. फुगा झपकन आडवा पळाला तर तिथे वेगात मोठा फरक आहे, ती उंची जपून ओलांडायची. हवेत गेल्यावर मग खालचा वारा बघायला धूर, झेंडे, शेतात पसरलेलं धुकं, तळ्यातलं पाणी. तळ्याचा जो काठ गुळगुळीत आणि तरंग नसलेला तिकडून वारा येतोय. बरेच पायलट बास्केटबाहेर चक्क थुंकतात आणि ते खाली कसं वाहत जातं ते बघतात, त्यात घाण वाटून घेण्यासारखं काही नाही, खालच्या दोनशे फुटांचा याच्यापेक्षा ताजा रिपोर्ट दुसरा कुठला नाही.

एक उड्डाण, आकड्यांत

समजा फुगा सोडून असं कळलं. चारशे फुटांखाली वारा ताशी ८ किलोमीटर, आणि तो बलूनला नेतो पश्चिमेपेक्षा २० अंश डावीकडे, म्हणजे जरा नैर्ऋत्येकडे झुकून. दीड हजार फुटांवर वारा ताशी २० किलोमीटर आणि नेतो पश्चिमेपेक्षा २० अंश उजवीकडे. खाली स्लो लोकल, वर फास्ट लोकल, आणि दोघींचे फाटे वेगळे. आपल्याला उतरायचंय एका कापणी झालेल्या भातशेतात, बरोबर पश्चिमेला, सव्वासहा किलोमीटरवर.

कुठलाच वारा सरळ पश्चिमेला जात नाही. पण दोन्ही सारख्याच कोनात उलट बाजूला झुकलेत, त्यामुळे दोन्ही थरांत सारखं अंतर कापलं की डावी-उजवी चूक एकमेकांना खाऊन टाकते. सारखं अंतर म्हणजे सारखा वेळ नव्हे, इथेच लोक गडबडतात. खालचा वारा अडीच पट हळू आहे, म्हणून खाली अडीच पट वेळ. खाली २५ मिनिटं म्हणजे ३.३ किलोमीटर, वर १० मिनिटं म्हणजे परत ३.३ किलोमीटर. दोन्हीचं पश्चिमेकडचं अंतर मिळून सव्वासहा. एकूण ३५ मिनिटं, बसलं.

आता आधी वर की आधी खाली? कागदावर काही फरक नाही, हवेत आहे. आधी २५ मिनिटं खाली घालवली तर आपण सरळ रेषेच्या सुमारे १.१ किलोमीटर डावीकडे असू, मग वर जाऊन फास्ट वाऱ्यात परत यायचं, आणि त्या वेगात एका मिनिटाची चूक म्हणजे सव्वातीनशे मीटरची चूक. उलट आधी वर जाऊन दहा मिनिटं घालवली आणि शेवटचा मोठा टप्पा खालच्या हळू वाऱ्यात ठेवला, तर मिनिटाची चूक फक्त १३० मीटरची, आणि दुरुस्तीला भरपूर वेळ. म्हणून वर आधी. शेत जवळ येताना आपण किंचित डावीकडे सरकतोय असं दिसलं तर शंभर-दोनशे फूट वर जाऊन थोडं उजवीकडे, परत खाली, असं करत रेषेवर यायचं.

चढण्या-उतरण्यात वेळ जातो तोही हिशोबात धरायचा. मिनिटाला ३०० फूट या वेगाने चारशेवरून दीड हजारवर जायला पावणेचार मिनिटं लागतात, तेवढ्या वेळात दिशा हळूहळू बदलत असते. आणि बर्नरचा उशीर आठवा: दीड हजारला थांबायचं असेल तर तेराशेच्या आसपासच चढण कमी करायला लागायचं.

थर ओलांडताना काय जाणवतं ते सांगतो. एरवी बलूनमधे वारा लागतच नाही कारण आपण त्याच्याच वेगाने जातो. अचानक तोंडावर वारा लागला, खालचं तोंडाचं कापड फडफडलं, की समजायचं थर बदलला. वर चढताना गरम थरात शिरलं की बाहेरची हवा हलकी म्हणून उचल कमी होते आणि चढण अडते, जरा जास्त बर्नर लागतो. उतरताना उलट, गार हवेत शिरलं की उचल वाढते आणि बलून त्या थरावर टेकल्यासारखं अडकून राहतं. इथे घाईने व्हॉल्व्ह जास्त ओढला तर बलून आत शिरल्यावर नको तेवढं जोरात खाली येतं.

दोन जागा जिथे जीवाला धोका असतो

पहिली, उड्डाणाच्या क्षणी. जमिनीवर धरून ठेवलेल्या बलूनच्या घुमटावरून वारा वाहत असतो आणि त्यामुळे थोडी फुकटची उचल मिळते. बलून सुटलं आणि वाऱ्याच्या वेगाने जायला लागलं की ती गायब होते, आणि पुढच्या झाडाच्या उंचीवर असतानाच बलून परत खाली बसायला लागतं. म्हणून वारा असेल तेव्हा पायलट सुटायच्या आधीच जास्त गरम करून घेतो आणि सुटल्यावरही बर्नर चालू ठेवतो. जमिनीवर वारा ताशी १५-१८ किलोमीटरच्या वर असला तर उडायचंच नाही.

दुसरी, विजेच्या तारा. मावळात हाय टेन्शनच्या लाइनी कमी नाहीत, आणि पहाटेच्या उजेडात तार दिसत नाही, खांब दिसतो, म्हणून पायलट खांब शोधतो आणि दोन खांबांमधली रेषा मनात ओढतो. उशिरा लक्षात आलं तर वर काढण्याचा मोह होतो, पण दहा सेकंदांचा उशीर इथे जीव घेतो. न्यूझीलंडमधे कार्टरटनला ७ जानेवारी २०१२ ला हेच झालं, तारांच्या वरून निघायचा प्रयत्न केला, बास्केट तारांत अडकली, अकराच्या अकरा माणसं गेली. नियम असा की तारा टळणार नसतील तर व्हॉल्व्ह पूर्ण उघडायचा, गॅस बंद करायचा आणि झटक्यात खाली, म्हणजे तारांवर कापड आदळेल, माणसं नाही.

उतरताना तुमचं काम सोपं आहे. पायलटने सांगितलं की जाण्याच्या दिशेला पाठ करायची, गुडघे थोडे वाकवायचे, आतल्या दोरीच्या कड्या दोन्ही हातांनी धरायच्या, मोबाइल खिशात. वारा असला तर बास्केट टेकल्यावर थोडी घसरते, कधी आडवीही होते, तरी हात सोडायचा नाही. आणि टेकलं म्हणून आनंदात बाहेर उडी मारायची नाही, पायलट "एक जण उतरा" म्हणेपर्यंत आतच राहायचं. ७० किलोचा माणूस उतरला म्हणजे बाकीच्यांसाठी एकदम दहा सेकंद बर्नर मारल्याएवढी उचल, आणि ती मात्र उशिरा नाही, लगेच मिळते.